खोका, ठसा आणि धार

बनावट सुटे भाग विकणाऱ्याचा हिशोब सरळ असतो. गिऱ्हाईक जिथे पाहते तिथे तो पैसा घालतो आणि जिथे पाहत नाही तिथे वाचवतो. गिऱ्हाईक पाहते ते खोक्यावरचे नाव, रंग आणि किंमत, म्हणून खोका हुबेहूब असतो. भागावर उमटवलेली अक्षरे दुकानात उभे राहून सहसा कोणी वाचत नाही, म्हणून तिथे थोडी हयगय होते. आणि भागाचा जो कण प्रत्यक्ष काम करतो, म्हणजे बल्बमधली तार, वायपरच्या रबराची कड, चेनमधली पिन, तिथे तर हात पूर्ण आखडता घेतला जातो. तिथली सफाई चांगल्या मालातून, नेमक्या यंत्रातून आणि त्यावर घालवलेल्या वेळातून येते आणि खरा खर्च तोच असतो. त्यामुळे तपासायचा क्रमही आपोआप ठरतो. आधी खोका, मग ठसा, मग कामाची जागा. जितके आत जाल तितका पुरावा भक्कम होत जातो.

त्याआधी एक घोळ दूर करायला हवा. पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला सुटे भाग घ्यायला गेलात की ‘ओरिजिनल’, ‘लोकल’ आणि ‘डुप्लिकेट’ हे तीन शब्द कानावर पडतात, आणि आपण शेवटचे दोन एकच धरतो. ते तसे नाहीत. एखादा छोटा कारखानदार स्वतःच्या नावाने, स्वतःचा पत्ता छापून स्वस्त वायपर विकत असेल, तर तो माल कमी दर्जाचा असू शकेल, पण बनावट नाही. तुम्ही काय घेताय हे तुम्हाला ठाऊक असते. बनावट म्हणजे दुसऱ्याचे नाव लावून विकलेला माल. उलट बाजूही लक्षात ठेवावी. गाडीच्या कंपनीला चेन पुरवणारा कारखाना तीच चेन स्वतःच्या खोक्यातूनही विकतो आणि ती बऱ्याचदा स्वस्त पडते. म्हणजे केवळ किंमत कमी दिसली म्हणून माल खोटा ठरत नाही. स्वस्ताईचे कारण सांगता येते का, हे पाहायचे.

आता बल्ब. भारतातल्या जुन्या आणि मध्यम किमतीच्या असंख्य मोटारींत पुढच्या दिव्याला एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो, म्हणून तोच नमुना म्हणून घेतो. या एकाच बल्बमध्ये अप्पर आणि डिपर दोन्ही असतात. १२ व्होल्टवर अप्परला ६० वॅट आणि डिपरला ५५ वॅट. माझ्या टेबलावर असे दोन बल्ब आहेत. दोन्हींच्या खोक्यावर एकाच परदेशी कंपनीचे नाव आहे. एक अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलावर घेतलेला, दुसरा हमरस्त्यावरच्या एका दुकानातून जवळजवळ निम्म्या किमतीला. हातभर अंतरावरून दोन्ही खोक्यांत काहीच फरक दिसत नाही.

दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग धरले की दिसू लागतो. नकली खोका बहुधा अस्सल खोका स्कॅन करून छापलेला असतो. अस्सल छपाईत बारीक काळा मजकूर एकाच काळ्या शाईने छापतात, त्यामुळे अक्षरांच्या कडा भरीव आणि स्वच्छ येतात. स्कॅन केलेल्या प्रतीत तोच काळा रंग निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शायांच्या ठिपक्यांनी तयार होतो. हे चार छाप केसभर जरी सरकले तरी अक्षराभोवती रंगीत झालर उमटते. माझ्याकडच्या दुसऱ्या खोक्यावर पत्त्याच्या ओळीत ही झालर स्पष्ट आहे, आणि इंग्रजी ‘ई’ची मधली पोकळी शाईने बुजून गेली आहे. कंपनीचा ठरलेला रंगही पाहावा. मोठ्या कंपन्या बऱ्याचदा तो तयार शाईने सपाट छापतात. नकलेत तिथे ठिपक्यांची जाळी दिसते. मात्र काही अस्सल खोकीसुद्धा चार रंगांतच छापली जातात, म्हणून नुसत्या जाळीवरून निकाल देऊ नये. आपल्याला खात्रीच्या जागेहून मिळालेला खोका शेजारी ठेवून तुलना केली तरच ही खूण कामाची. फोनचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन काढलेला फोटोही भिंगाचे काम करतो.

छपाईपेक्षा मजकूर जास्त बोलतो. आपल्याकडे २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या वजनमाप नियमांनुसार किरकोळ विक्रीच्या खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, वस्तूचे सामान्य नाव, नग किती, महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. माल परदेशी असेल तर तो कोणत्या देशातला तेही. परदेशी नाव मिरवणाऱ्या खोक्यावर भारतातल्या आयातदाराचा पत्ताच नसेल, तर तो एकतर चोरवाटेने आलेला आहे किंवा बनावट. दोन्ही बाबतींत तक्रार करायला दार उरत नाही. कोणत्या जागी काय छापले आहे तेही पाहावे. बॅचचा क्रमांक आणि तारीख दर खेपेला बदलतात, म्हणून कारखान्यात त्या नंतर वेगळ्या यंत्राने ठिपक्याठिपक्यांनी उमटवतात किंवा चिकटपट्टीवर छापून लावतात. नकली खोक्यांत हा मजकूर पुष्कळदा मूळ चित्रातच छापलेला असतो, कारण तो अस्सल खोक्यासकट स्कॅन झालेला असतो. दुकानदाराला दोन खोकी दाखवायला सांगा. बॅच एकच असणे नैसर्गिक आहे. पण ज्याला स्वतंत्र अनुक्रमांक म्हटले आहे तो दोन्हींवर एकच निघाला, तर पुढे बोलायचे कारण नाही.

आता खोका बाजूला ठेवून बल्बच्या धातूच्या बुडाकडे वळू. तिथे कंपनीचे नाव, एच-४ ही जात, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट आणि एका वर्तुळात इंग्रजी ‘ई’ व त्यापुढे आकडा असतो. हे वर्तुळ म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांखाली मिळालेल्या मंजुरीची खूण. गाड्यांच्या फिलॅमेंट बल्बांसाठीचा त्यातला नियम ३७ वा. ‘ई’पुढचा आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा असतो. १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन. वर्तुळाजवळच मंजुरीचा अक्षर-आकड्यांचा छोटा संकेत असतो. इथे पुष्कळजण फसतात. खोक्यावर माल एका देशात बनल्याचे लिहिलेले असते आणि बुडावर जर्मनीचा आकडा दिसतो, तेव्हा त्यांना वाटते की खोटेपणा सापडला. तसे नाही. तो आकडा बल्ब कुठे बनला ते सांगत नाही, मंजुरी कुठल्या देशाने दिली ते सांगतो. संशय घ्यायचा तो दुसऱ्या कारणांसाठी. वर्तुळ आहे पण आकडा नाही, आकडा आहे पण मंजुरीचा संकेत नाही, किंवा ‘ई’च्या जागी फक्त ‘सीई’ अशी जोडअक्षरे आहेत. ‘सीई’ ही युरोपातल्या सर्वसाधारण वस्तूंवरची खूण आहे. रस्त्यावर चालणाऱ्या दिव्याची ती मंजुरी नव्हे.

अस्सल हॅलोजनच्या बुडावर कधी कधी एकटा ‘यू’ दिसतो. त्याचा अर्थ काच अतिनील किरण अडवणारी आहे. आजच्या गाड्यांच्या दिव्यांचे पुढचे आवरण काचेचे नसून पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचे असते, आणि अतिनील किरणांनी ते पिवळे व धुरकट पडते. अशा दिव्यात बल्बची काच साधी असेल, तर आवरण आतूनही खराब होऊ लागते आणि मालक दोष देतो तो उन्हाला.

माझ्या दोन बल्बांपैकी पहिल्यावरची अक्षरे बारीक आहेत, पण सरळ रेषेत, एकसारख्या खोलीची आणि नखाने न पुसली जाणारी. दुसऱ्यावर नाव ठळक आहे, मात्र मंजुरीचे वर्तुळ अंडाकृती झाले आहे आणि स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने वॅटचा आकडा फिका होतो. खोक्यावर जो मंजुरीचा संकेत छापला आहे तो बुडावर नाहीच. खोका आणि वस्तू यांची एकमेकांशी जुळणी हीच सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित तपासणी आहे. ती करायला भिंगही लागत नाही.

यानंतर बल्ब उजेडाकडे धरून आत पाहायचे, काचेला बोट न लावता, कारण बोटाचा तेलकट डाग तापल्यावर काच तिथेच कमजोर होते. एच-४ मध्ये दोन फिलॅमेंट असतात आणि डिपरच्या फिलॅमेंटखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते. डिपरचा उजेड एका रेषेच्या वर जाऊ नये ही कामगिरी तिची. फिलॅमेंट आणि वाटी यांची जागा मिलिमीटरच्या अंशांत ठरलेली असते. चांगल्या बल्बमध्ये फिलॅमेंटचे वेढे समान अंतरावर, सरळ आणि वाटीला समांतर दिसतात. दुसऱ्या बल्बमध्ये फिलॅमेंट मधे झोळ पडल्यासारखे खाली आले आहे आणि वाटी एका बाजूला कललेली आहे. टोकाचा काळा लेप पहिल्यात नेमक्या वर्तुळावर थांबतो, दुसऱ्यात त्याचा ओघळ खाली उतरला आहे. तीन कान असलेली धातूची कडी पहिल्यात काचेशी घट्ट आहे. दुसऱ्यात ती बोटांनी किंचित हलते. गाडी खड्ड्यातून गेली की फिलॅमेंटही तितकेच हलणार.

इथवर सगळा संशय होता. खात्री भिंतीवर होते. सपाट जमिनीवर, उजळ भिंतीसमोर गाडी उभी करून एका बाजूला पहिला आणि दुसऱ्या बाजूला दुसरा बल्ब लावला आणि डिपर टाकला. पहिल्याचा उजेड एका स्पष्ट आडव्या रेषेखाली राहिला आणि डाव्या अंगाला ती रेषा तिरकी वर चढली. आपण रस्त्याच्या डावीकडून जातो, म्हणून कडेचा पादचारी आणि पाट्या दिसाव्यात यासाठी ती चढण असते. दुसऱ्या बल्बची रेषाच सापडेना. वर पसरट धुक्यासारखा उजेड आणि मधे डाग. समोरच्या चालकाचे डोळे दिपतात ते त्या धुक्याने. स्वतःच्या चालकाला मात्र वाटते की उजेड छान फाकला आहे.

शेवटची तपासणी गॅरेजमध्ये करता येते. एकदिश प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर एका बल्बच्या डिपरच्या वायरभोवती लावायचा. ५५ वॅटचा डिपर साधारण साडेचार ते साडेपाच अँपिअर घेतो. नियमानेच १३.२ व्होल्टला त्याची कमाल मर्यादा ६८ वॅट, म्हणजे पाच अँपिअरच्या किंचित वर, ठेवली आहे. मीटर सात दाखवत असेल, तर बुडावर काहीही लिहिलेले असो, आत जास्त वॅटचे फिलॅमेंट आहे. खोट्या बल्बचा उजेड नजरेत भरावा म्हणून हे केले जाते, आणि काही महिन्यांनी प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो किंवा स्विच गरम होऊ लागतो. ‘वायरिंग गेले’ म्हणून जे बिल येते, त्याचे मूळ कधी कधी या स्वस्त बल्बात असते.

वायपरला इतके ठसे नसतात, त्यामुळे तिथे सफाईवरच भिस्त ठेवावी लागते. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे वायपरची विक्री एकदम वाढते आणि घाईचा फायदा नकली माल घेतो. काचेला प्रत्यक्ष लागते ती रबराची एक मिलिमीटरहून बारीक कड. ही कड चांगल्या कारखान्यात साच्यात ओतून तयार होत नाही. दोन पट्ट्या ओठाला ओठ लावून जोडीने बनवतात आणि मग मधोमध पात्याने चिरतात. म्हणून त्या कडेला दोन धारदार कोपरे असतात. रबर काचेवर उलटसुलट कलते तेव्हा जाताना एक कोपरा पाणी ओढतो आणि येताना दुसरा. साच्यातून तशीच काढलेली कड गोलसर असते, किंवा तिच्यावर जोडाचा पातळ पापुद्रा राहतो. ब्लेड डोळ्यांसमोर बंदुकीच्या नळीसारखे लांबवर धरून कडेच्या रेषेने पाहिले की लाटा, कंगोरे आणि पापुद्रे सगळे दिसते. नवीन ब्लेडची कड सरळच असली पाहिजे.

रबरावर हात फिरवल्यावर थोडी काळी भुकटी बोटाला लागली तर घाबरू नये. घर्षण कमी करायला ग्राफाइटचा लेप देतात, त्याची ती भुकटी असते. बोटाला तेलकट, चिकट काळेपणा लागला किंवा खोका उघडताच जुन्या टायरचा उग्र वास आला, तर मात्र रबर पुनर्वापरातले असण्याची शंका घ्यावी. ब्लेड बिनसांध्याचे, सपाट प्रकारचे असेल, तर त्याच्या आतल्या पोलादी पट्टीला जन्मजात बाक असतो. ते टेबलावर ठेवले की दोन्ही टोके टेकतात आणि मधला भाग उचललेला राहतो. मधे बोटाने दाबत नेले की संपूर्ण लांबी एकाच वेळी टेबलाला लागली पाहिजे. नकली ब्लेडमध्ये टोके आधी टेकतात आणि मधे फट उरते, किंवा उलट होते. काचेवर मधोमध जी पाण्याची पट्टी पुसायची राहून जाते, तिचे कारण बहुतेक वेळा हे असते. लांबीही मोजावी. खोक्यावर २४ इंच आणि ६०० मिलिमीटर लिहिलेले असताना आतले ब्लेड दोन बोटे कमी निघाले, तर ते दुसऱ्याच मापाचे उचलून भरलेले आहे.

आकड्याला बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या भागाकडे शेवटी पाहावे. चांगल्या साच्यातल्या तुकड्याच्या आतल्या बाजूला पुष्कळदा घड्याळाच्या तबकडीसारखी छोटी गोल खूण असते. तिच्यावरचा बाण तो तुकडा कधी ओतला ते सांगतो. खोक्यावरचा महिना त्या खुणेच्या आधीचा असेल, तर हिशोब जुळत नाही. इथे एक न्यायाची गोष्टही सांगायला हवी. वायपर अस्सल असूनही वाईट निघू शकतो, कारण रबर शिळे होते. दुकानाच्या दर्शनी काचेत दोन उन्हाळे लटकलेले अस्सल ब्लेड आजच्या साध्या ब्लेडपेक्षा खराब पुसेल. तो दोष नकलेचा नाही, साठवणीचा आहे.

दुचाकीच्या चेनचा मामला मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण बल्ब गेला तर अंधार होतो, पण धावत्या गाडीची चेन तुटली तर ती मागच्या चाकात अडकून चाक जागच्या जागी बांधू शकते किंवा इंजिनाचे आवरण फोडू शकते. चेनवर ४२८, ५२०, ५३० असे आकडे ठसलेले असतात. पहिला आकडा दोन पिनांमधले अंतर इंचाच्या आठव्या भागांत सांगतो. ४ म्हणजे चार-अष्टमांश, अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. ५ म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. पुढचे दोन आकडे रुंदीशी निगडित आहेत. शंभर-दीडशे सीसीच्या आपल्या बहुतेक गाड्यांना ४२८ लागते. त्यापुढे ‘एच’ असेल तर बाजूच्या पट्ट्या अधिक जाड, साधारण अर्ध्या मिलिमीटरने.

हा ठसा कसा उमटला आहे ते पाहावे. अस्सल चेनच्या पट्टीवर नाव आणि आकडा पोलाद थंड असतानाच प्रेसखाली दाबलेला असतो. अक्षरांचा तळ सपाट असतो, खोली सारखी, आणि एका पट्टीवरचे अक्षर दुसऱ्या पट्टीवर नेमके त्याच जागी येते, कारण सगळ्या पट्ट्या एकाच ठशाखालून जातात. नकली चेनमध्ये अक्षरे उथळ असतात, काही पट्ट्यांवर तिरपी होतात, आणि काही पट्ट्या कोऱ्याच राहतात. चेनची सगळी लांबी हातातून सोडवत पाहिली तर हा विस्कळीतपणा लपत नाही. म्हणून बंद पिशवीतली चेन उघडून दाखवायला नकार देणाऱ्या दुकानातून ती घेऊ नये. ‘एच’ ठसलेल्या चेनच्या पट्टीची जाडी व्हर्नियरने मोजली आणि ती दीड मिलिमीटर भरली, तर ठसा एक सांगतो आणि पोलाद दुसरेच.

पिनांची टोके सर्वांत बोलकी. कारखान्यात प्रत्येक पिनचे टोक यंत्राने सारख्याच दाबाने फुलवलेले असते. ओळीने वीस पिना पाहा. सगळ्यांवर एकाच आकाराचा खळगा असायला हवा. कुठे टोक चेपलेले, कुठे फुललेच नाही, कुठे हातोडीचा घाव, असे दिसले तर ती चेन परत करावी. सोनेरी चकाकीला भुलू नये. सोनेरी मुलामा गंजापासून थोडे संरक्षण देतो, ताकद देत नाही. आणि नकलेत तो पुष्कळदा फवारलेला रंग असतो, जो थिनरच्या कापसाला लागतो. रबरी कड्यांच्या, म्हणजे ‘ओ-रिंग’च्या चेनमध्ये कडी दोन पट्ट्यांमध्ये किंचित दबलेली असते आणि आत ग्रीस कोंडून ठेवते. नकली चेनमध्ये कडी सैल असते, नखाने गोल फिरते, आणि आत ग्रीस नसते. ती नुसती शोभेची.

मग मोजमाप. नवी ४२८ चेन फरशीवर ताणून धरा. एका पिनच्या डाव्या कडेपासून वीस कड्या पुढच्या पिनच्या डाव्या कडेपर्यंत पोलादी पट्टीने मोजा. २० गुणिले १२.७, म्हणजे २५४ मिलिमीटर यायला हवेत. कोऱ्या चेनमध्ये हे माप एक मिलिमीटरनेही वाढलेले असेल तर घोटाळा आहे. वापरात हेच माप साधारण एक टक्क्याने वाढले, म्हणजे २५६.५ च्या आसपास गेले, की सुट्टी देण्याची वेळ जवळ आली असे समजतात. चेन ‘लांबते’ ती पट्ट्या ताणल्या जाऊन नव्हे. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचे बुश झिजून दोन्हींच्या मधली फट वाढते, आणि शंभराहून अधिक सांध्यांतल्या त्या फटींची बेरीज आपल्याला दिसते. पिनेचा पृष्ठभाग कार्बन मुरवून कठीण केलेला असतो, म्हणून चांगली चेन सावकाश झिजते. नकलेत हीच प्रक्रिया वगळलेली किंवा उरकलेली असते.

आणि नेमके हेच डोळ्यांनी दिसत नाही. पोलादाची कठीणता छपाईत नाही, ठशात नाही, चकाकीतही नाही. ती प्रयोगशाळेतच कळते. पण गाडीवर ती लवकर उघडी पडते. चेन बसवल्यावर मागच्या अॅडजस्टरची खूण मार्करने टिपून ठेवावी. सुरुवातीच्या काही शे किलोमीटरांत कोणतीही नवी चेन थोडी बसते आणि एकदा आवळावी लागते. त्यानंतर ती स्थिरावली पाहिजे. दर आठ-पंधरा दिवसांनी आवळावी लागत असेल, तर ती तुटायची वाट पाहू नये. तिच्यासोबत बसवलेले दातेही ती खाऊन टाकते, हा वेगळा खर्च.

क्यूआर कोड आणि चमकणारी चिकटपट्टी यांवर बरेचजण विसंबतात. चमकती पट्टी छापणे आता अवघड राहिलेले नाही. कोडचीही प्रत काढता येते, मग एकच कोड शेकडो खोक्यांवर येतो. म्हणून स्कॅन केल्यावर पान उघडले एवढ्यावर थांबू नये. उघडलेला पत्ता खरोखर त्या कंपनीच्या संकेतस्थळाचा आहे का ते वाचावे, आणि हा कोड आधी कितीदा तपासला गेला हे पान सांगत असेल तर तो आकडा पाहावा. खरवडल्यावर दिसणारा कोड खरवडलेलाच हाती आला तर खोका घेऊ नये.

संशय आला तर माल आणि खोका दोन्ही जपून ठेवा आणि पक्क्या बिलावर कंपनीचे नाव व भागाचा क्रमांक लिहून घ्यायचा आग्रह धरा. ‘बल्ब एक नग’ एवढेच लिहिलेले बिल ग्राहक आयोगापुढे फारसे उपयोगी पडत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ज्या कंपनीचे नाव चोरले गेले तिलाही कळवावे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोट्या चिन्हासाठी सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्येही तरतूद झाली आहे. केंद्र सरकारने सुरक्षेच्या दृष्टीने कळीचा म्हणून अधिसूचित केलेला भाग नियमांत न बसणारा विकला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा भागागणिक एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

एक काम मात्र कायद्याची वाट न पाहता प्रत्येकाला करता येते. वर सांगितलेली खोक्याची सगळी परीक्षा एका ठिकाणी निरुपयोगी ठरते, ती म्हणजे खोका अस्सल आणि आत नकली माल असेल तेव्हा. रिकामी अस्सल खोकी गॅरेजच्या मागच्या ढिगातून आणि भंगारातून गोळा होतात आणि पुन्हा भरली जातात. म्हणून नवीन बल्ब, वायपर किंवा चेन बसवून झाली की खोका मेकॅनिककडे सोडू नका. नाव आणि कोड यांच्या मधून तो उभा फाडा, कोडची पट्टी खरवडून टाका, काढलेल्या जुन्या वायपरचे रबर कापा आणि जुन्या चेनची एक कडी तोडून मगच ती भंगारात द्या.